‘मूळचे बौद्ध’ हा युक्तिवाद पुरता सांगा : व्याख्यानमाला भरवणाऱ्यांना खुले पत्र

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्याख्यानमाला भरवणारी मंडळे, बुद्धविहारांच्या समित्या आणि तिथे बोलणारे वक्ते यांना,

सप्रेम जय भीम.

दसरा जवळ आला की निमंत्रणपत्रिका छापून होतात आणि विषयांच्या यादीत ‘आपण मूळचे बौद्धच’ हा विषय हटकून असतो. व्यासपीठावरून जे सांगितले जाते ते साधारण असे असते: आपले पूर्वज नाग होते, ते बौद्ध होते, आर्य ब्राह्मणांनी सूड म्हणून त्यांना अस्पृश्य केले, अशोकाने ज्या दिवशी धम्म स्वीकारला त्याच दिवशी बाबासाहेबांनी आपल्याला घरी परत नेले, आणि हे सगळे बाबासाहेबांनी सिद्ध करून ठेवले आहे. दहा मिनिटांत विषय आटोपतो आणि टाळ्या पडतात. पुढे कॉलेजात एखादा वाचलेला मुलगा ‘पुरावा काय?’ असे विचारतो, तेव्हा आपल्या पोरांजवळ उत्तर नसते. उत्तर बाबासाहेबांच्या पुस्तकात आहे. व्यासपीठावर मात्र त्या पुस्तकाचा फक्त निष्कर्ष पोहोचतो, वाट पोहोचतच नाही.

आम्ही इतिहास शिकवणारी आणि वाचणारी माणसे आहोत. हा युक्तिवाद कसा रचला आहे, कुठे भक्कम आहे आणि कुठे डळमळतो, ते इथे मांडतो. यंदाच्या वक्त्यांना पत्रिकेबरोबर हे पत्रही द्यावे, एवढीच विनंती.

आधी क्रम लक्षात घ्या. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली, तेव्हा त्यामागे प्राचीन इतिहासाचा आधार नव्हता. काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही, हे कारण पुरेसे होते. मे 1936 मध्ये मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची बाजू सविस्तर मांडली. तिथेही भर होता तो माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीवर आणि एकट्या पडलेल्या जातीला बाहेरून बळ मिळण्यावर. त्या काळात शीख धर्माचा विचार गंभीरपणे चालू होता. म्हणजे हिंदू धर्म सोडायचे आधी ठरले आणि कुठे जायचे ते पुढची वीस वर्षे ठरत राहिले. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारे ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक आले 1948 मध्ये. नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला ते अर्पण केलेले आहे. या पुस्तकाने ‘का सोडायचे’ याला उत्तर दिले असे नव्हे. बुद्धाकडे जाणे म्हणजे परक्या घरात शिरणे नव्हे, ही जाणीव मात्र त्याने दिली.

आता युक्तिवाद. बाबासाहेब सुरुवात करतात ती अगदी डोळ्यांसमोरच्या गोष्टीपासून: अस्पृश्यांची वस्ती गावकुसाबाहेर का? साधे उत्तर असे की अस्पृश्य ठरवले म्हणून बाहेर काढले. ते म्हणतात, हे अशक्य वाटते. देशभरातल्या गावागावांतून इतकी माणसे उचलून बाहेर नेऊन बसवणे कुणाच्या हातचे काम होते? त्यापेक्षा ती माणसे पहिल्यापासूनच बाहेर राहत होती आणि अस्पृश्यता त्यांच्यावर नंतर लादली गेली, हे अधिक संभवते. मग बाहेर राहणारी ही माणसे कोण? इथे ‘ब्रोकन मेन’ येतात. भटक्या टोळ्या आणि शेतीवर स्थिरावलेल्या टोळ्या यांच्या लढायांत ज्या टोळ्यांची वाताहत झाली, त्यांतली उरलीसुरली माणसे निराधार होऊन फिरू लागली. स्थिरावलेल्यांना धाडी घालणाऱ्यांपासून राखण हवी होती आणि या माणसांना आसरा हवा होता. सौदा जमला: तुम्ही वेशीवर राहून पहारा करा, आम्ही तुम्हाला धान्य देऊ. रक्ताच्या नात्याची टोळी नसल्याने आत जागा नाही, आणि पहाऱ्याच्या दृष्टीनेही वेसच सोयीची.

या सौद्याचा माग त्यांना महाराष्ट्रात मिळतो. महार प्रत्येक गावात आहे, त्याची वस्ती वेशीबाहेर आहे, पहाऱ्याचे काम पाळीपाळीने त्याच्याकडे आहे आणि गावावर त्याचे बावन्न हक्क आहेत. त्यांतले मुख्य म्हणजे घरोघरची भाकर, खळ्यावरचे धान्य आणि मेलेले जनावर. बेदरच्या मुसलमान राजाने हे हक्क दिले अशी परंपरा आहे. बाबासाहेबांच्या मते त्या राजाने जुन्याच हक्कांवर शिक्कामोर्तब केले असावे. असे इतरत्र कुठे घडले का, हे पाहायला ते आयर्लंड आणि वेल्सपर्यंत जातात. तिथेही टोळीबाहेरची आश्रित माणसे गावाच्या कडेला राहत होती. पुढे रक्ताच्या नात्यापेक्षा एका मुलखात राहण्याला महत्त्व आले आणि ती गावात मिसळून गेली. मग इथलीच का मिसळली नाहीत?

पुस्तकाचा गाभा या प्रश्नात आहे. बाबासाहेब त्याची दोन कारणे देतात आणि दोन्ही सांगावी लागतात. बहुतेक वक्ते पहिल्यावरच थांबतात. पहिले कारण बौद्धांविषयीची घृणा. 1911 च्या जनगणनेसाठी जनगणना आयुक्तांनी पुरते हिंदू कोण नाहीत हे ओळखण्याच्या दहा कसोट्या दिल्या होत्या. ब्राह्मणाचे वर्चस्व न मानणे, चांगला ब्राह्मण पुरोहित न मिळणे, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नसणे, गोमांस खाणे अशा त्या कसोट्या. बाबासाहेब त्यांतून एक बारीक गोष्ट हेरतात. ब्राह्मण अस्पृश्यांकडे पौरोहित्य करत नाही हे सगळ्यांना दिसते; पण अस्पृश्यांनाही ब्राह्मण नको असतो, हे कुणी पाहत नाही. तंजावर आणि म्हैसूर भागातल्या जुन्या इंग्रजी नोंदींत असे दाखले आहेत की ब्राह्मण पारिया किंवा होलेय या अस्पृश्य जातींच्या वस्तीत शिरला तर वस्तीलाच अपशकुन मानला जाई आणि त्याला हुसकावून लावत. वैर दोन्ही बाजूंचे असेल तर त्याला जुने कारण असले पाहिजे. बौद्धाला शिवले तर स्नान करावे, असे सांगणारी वचने धर्मशास्त्राच्या टीकाग्रंथांत आहेतच. यावरून ते म्हणतात की ब्रोकन मेन बौद्ध होते आणि ब्राह्मण धर्माची सरशी झाल्यावरही ते बौद्धच राहिले.

पण बौद्ध तर गावातही होते. ते सगळे अस्पृश्य झाले नाहीत. म्हणून दुसरे कारण लागते, ते गोमांसाचे. एके काळी यज्ञात गाय मारली जात होती आणि ब्राह्मणही गोमांस खात. बौद्धांनी यज्ञातल्या हिंसेवर बोट ठेवले आणि ते लोकांना पटले. गेलेले वजन परत मिळवायला ब्राह्मणांनी बौद्धांच्याही पुढचे पाऊल टाकले आणि मांसच सोडले. इतरांनी त्यांचे पाहून गोमांस सोडले. वेशीबाहेरच्यांना ते शक्य नव्हते; मेलेल्या ढोराचे मांस हे त्यांच्या पोटाचे साधन होते. शिवाय बंदी गाय मारण्यावर होती, मेलेली खाण्यावर नव्हती. गाय पवित्र ठरली आणि ती खाणारा अपवित्र ठरला. याचा काळ ते इ.स. 400 च्या सुमाराचा धरतात. मनुस्मृतीत अस्पृश्यता या अर्थाने नाही आणि सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांग या चिनी प्रवाशाच्या वर्णनात मात्र खाटीक वगैरे लोक वस्तीबाहेर राहताना दिसतात, म्हणून मधला काळ.

पुस्तकाची वाट ही अशी आहे. एखादी गोष्ट सरळ पुराव्याने मिळत नाही तेव्हा दुवे जोडायला कल्पनाशक्ती वापरावी लागते, हे बाबासाहेब प्रस्तावनेत उघड सांगतात आणि आपला सिद्धांत हा शेवटचा शब्द नव्हे, असेही बजावतात. ब्रोकन मेन बौद्ध होते याला थेट पुरावा नाही, हे त्यांनीच लिहिले आहे. बहुसंख्य लोक तेव्हा बौद्ध होते, तर हेही असणार, एवढाच त्यांचा तर्क. पुस्तकाचा लेखक इतका सावध असताना त्याच्या नावाने ‘सिद्ध झाले’ म्हणणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

टीका कुठे होते, तेही वक्त्याला ठाऊक हवे. सगळ्यात जास्त टीका इ.स. 400 या तारखेवर होते. त्याच सुमाराला आलेल्या फाहियान या चिनी प्रवाशाने चांडाळ नगरात शिरताना लाकूड वाजवून लोकांना सावध करतो असे लिहिले आहे. बाबासाहेब म्हणतात, चांडाळावरून इतरांचा निवाडा करता येत नाही, कारण ब्राह्मणांचे त्याच्याशी वैर जुने. त्याच्या पुष्टीला ते बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तला प्रसंग घेतात: चांडाळकन्या पोपट घेऊन थेट शूद्रक राजाच्या दरबारात येते, मग ती अस्पृश्य कशी? प्रसंग खरा आहे. पण त्याच वर्णनात बाण तिच्या रूपाबद्दल म्हणतो की मातंग जातीच्या स्पर्शाचा दोष लागेल या भीतीने प्रजापतीने हिला जणू न शिवताच घडवले. म्हणजे स्पर्शाच्या विटाळाची कल्पना तिथेच, त्याच परिच्छेदात बसलेली आहे. त्याहून अवघड प्रश्न जातकांचा. चित्त-संभूत जातकात श्रीमंत घरच्या मुली चांडाळ दृष्टीस पडले म्हणून डोळे धुतात. हे तर बौद्धांचेच साहित्य. व्याकरणकार पतंजलीही अशा शूद्रांचा उल्लेख करतो ज्यांनी जेवलेले भांडे घासूनही शुद्ध होत नाही, आणि त्याचा काळ 400 च्या कितीतरी आधीचा. याला बाबासाहेबांच्या मांडणीतून उत्तर देता येते: काही मोजक्या गटांविषयीचा तिटकारा वेगळा आणि गावोगावच्या मोठ्या लोकसंख्येला पिढीजात अस्पृश्य ठरवणे वेगळे. हे उत्तर आम्हाला वजनदार वाटते. पण त्यासाठी आधी आक्षेप ठाऊक असावा लागतो.

शिलालेखाचेही तसेच. गुप्त राजांनी गोहत्येला देहान्त शिक्षा ठेवली, असे बाबासाहेबांनी डी. आर. भांडारकरांच्या आधारे लिहिले आणि वक्ते ते तसेच उचलतात. ज्या लेखांवर हे उभे आहे, त्यांतला सांचीचा गुप्त संवत 93 चा, म्हणजे इ.स. 412 चा लेख वाचून पाहा. चंद्रगुप्त दुसरा याच्या अम्रकार्दव नावाच्या अधिकाऱ्याने तिथल्या बौद्ध संघाला एक गाव आणि पंचवीस दिनार दिले. त्यातून भिक्षूंना भोजन मिळावे आणि दिवा लागावा ही व्यवस्था होती. दान मोडणाऱ्याला गोहत्येचे आणि ब्रह्महत्येचे पाप लागो, असा शेवटी शाप आहे. हा कायदा नव्हे, दानलेखातली शापवाणी आहे. त्यावरून शिक्षा सिद्ध होत नाही. पण गाईचा वध आणि ब्राह्मणाचा वध एका ओळीत, तेही बौद्ध संघाच्या दानपत्रात, यावरून गाय किती वर चढली होती ते दिसते. युक्तिवादाला एवढे पुरते. जास्तीचे ओढून घेतले की समोरच्याला धागा सापडतो.

आता नागांविषयी. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हे शहर का निवडले ते सांगितले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाला डिवचायचा हेतू त्यांनी साफ नाकारला. बुद्धाचा धम्म पसरवला तो नाग लोकांनी आणि नागपूरच्या आसपास त्यांची मोठी वस्ती होती, असे ते म्हणाले. पण व्यासपीठावर याचे ‘नाग म्हणजे अनार्य, म्हणजे आपण, आणि आर्य म्हणजे ते’ असे होते. हे 1948 च्या पुस्तकाच्या नेमके उलट आहे. त्या पुस्तकात बाबासाहेबांनी अस्पृश्यता वंशभेदातून आली हा सिद्धांत खोडून काढला आहे, तोही समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी दिलेली डोक्याची आणि नाकाची मोजमापे वापरून: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. नाग आणि द्रविड एकच, असेही ते तिथेच म्हणतात. म्हणजे नाग हे दक्षिणेतल्या स्पृश्य-अस्पृश्य अशा सगळ्यांचेच पूर्वज ठरतात. त्यावरून गावकुसाच्या आतबाहेरची रेघ काढता येत नाही. नागांचा युक्तिवाद भूमीशी नाते सांगतो, ब्रोकन मेनचा युक्तिवाद अस्पृश्यतेचे कारण सांगतो. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका.

अशोक विजयादशमीचे थोडक्यात. अशोकाने कलिंगाची लढाई राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी झाली असे तेराव्या शिलालेखात म्हटले आहे, आणि उपासक होऊन अडीच वर्षे उलटली पण पहिले वर्षभर फारसा उद्योग केला नाही, असे लघुशिलालेखात प्रांजळपणे कबूल केले आहे. तिथी कुठेही नाही. विजयादशमी ही परंपरेने आलेली तिथी आहे आणि ती तशीच सांगावी. 1956 हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे 2500 वे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले, तेही एका परंपरेच्या गणनेप्रमाणेच.

आणखी एक नाव व्यासपीठावर क्वचितच येते: अयोध्यादास पंडित, तमिळमध्ये अयोत्ति दासर. या तमिळ वैद्यांनी 1898 मध्ये सिलोनला जाऊन बौद्ध दीक्षा घेतली, मद्रासेत शाक्य बौद्ध संघ काढला आणि पारिया हे मुळात बौद्ध होते असे तमिळ ग्रंथ, सण आणि लोककथा यांच्या आधारे मांडले. साधने वेगळी, प्रांत वेगळा, निष्कर्ष तोच. त्याच वर्तुळातले प्रा. लक्ष्मी नरसू यांचे बौद्ध धर्मावरचे पुस्तक 1948 मध्ये बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापून आणले. ‘हे फक्त महारांचे’ असे म्हणणाऱ्यांसमोर मद्रासचा हा पन्नास वर्षे आधीचा धागा ठेवता येतो. अर्थात नागपूरला जमलेल्या लाखोंत बहुसंख्य महार होते आणि मांग, चांभार समाजांतून फार थोडे आले, हेही लपवू नये. वतनाचे, राखणीचे आणि बावन्न हक्कांचे पुरावे महारांपुरते नेमके लागू पडतात. चामड्याचा धंदा करणाऱ्या जातींना ती चौकट जशीच्या तशी बसत नाही. हा सिद्धांताचा अपुरेपणा आहे आणि त्यावर काम व्हायला हवे.

मग हा सिद्धांत उद्या मोडला तर दीक्षा मोडते का? याचे उत्तर नागपूरच्या भाषणातच आहे. त्यात नाग थोडक्यात येतात. मोठा भाग आहे तो मेलेली ढोरे ओढण्यावर, त्यातले उत्पन्न बुडते म्हणून हिशेब मांडणाऱ्या केसरीतल्या लेखकाला दिलेल्या उत्तरावर, आणि गरिबालाच धर्माची गरज जास्त असते, कारण मनाला उत्साह लागतो, या मुद्द्यावर. बावीस प्रतिज्ञाही वाचा. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, श्राद्ध करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून घेणार नाही, सर्व माणसे समान मानीन. ‘मी पूर्वी बौद्ध होतो’ असे एकाही प्रतिज्ञेत नाही. 14 ऑक्टोबरला महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना ते दिले, तेव्हा कुणाकडेही वंशावळ मागितली नाही. 1951 च्या जनगणनेत भारतात बौद्ध दोन लाखांच्या आत होते. 1961 मध्ये साडेबत्तीस लाख, त्यांतले जवळजवळ अठ्ठावीस लाख महाराष्ट्रात. एवढ्या लोकांनी नोंद बदलली ती ‘द अनटचेबल्स’ वाचून नव्हे. शिवाय अनुसूचित जातीचा केंद्राचा दर्जा बौद्धांना 1990 पर्यंत नव्हता, म्हणजे त्या नोंदीची किंमतही मोजावी लागत होती.

कार्यक्रमाविषयी शेवटचे. या विषयाला किमान एक तास द्या आणि त्यानंतर अर्धा तास प्रश्नांना ठेवा. चार वक्ते आणि सत्कार यांच्यात तो चेपू नका. वक्त्याने पुस्तकातली दोन पाने, हक्कांचे आणि प्रस्तावनेचे, माइकवर मोठ्याने वाचावीत. सभागृहाबाहेर आपल्याच तालुक्यातल्या तीन-चार गावांचे जुने नकाशे लावा आणि त्यांवर वेस, महारवाडा, मांगवाडा, चावडी आणि ओढा रंगाने दाखवा. महारवाडा कुठल्या दिशेला, वेशीपासून किती अंतरावर, मांगवाडा त्याला लागून की वेगळा, हे पोरांना स्वतः मोजू द्या. ज्या घरांत 1958 च्या कायद्याने खालसा झालेल्या महार वतनाचे कागद अजून आहेत, त्यांच्या छायाप्रती मिळवा. त्यांत राखणीचे, टपाल नेण्याचे, ढोर ओढण्याचे काम आणि त्याबदलीचे बलुते नोंदलेले सापडते. कागद मोडीत असेल तर वाचणारा आधी गाठून ठेवा, ऐन दिवशी मिळत नाही.

आपले,
इतिहास शिकवणारे आणि वाचणारे काही जण